निळ्या खुणा

२ जून, सकाळी ७:१०
संजू, मी गुरुजी, दहिवडीहून. नंबर तुझ्या आईकडून घेतला. पेपरात फोटो पाहिला. कलेक्टर झालास! टाय जरा वाकडा आहे, बाकी झकास.

सकाळी ७:१४
बदली, शिफारस असलं काही नकोय हो. घाबरू नकोस.

३ जून, रात्री ९:४०
निळ्या खुणा दिसल्या. कामात असशील.

६ जून, रात्री ११:०५
झोप येत नाही म्हणून लिहितो. २००३ चा दुष्काळ. तू सातवीत. उशीर झाला म्हणून तुला वर्गासमोर छडी मारली. टँकरच्या रांगेत आईचे हंडे धरून उभा होतास, हे मला दुपारी कळलं. तेव्हाच तुझ्याजवळ बोलायला हवं होतं. गुरुजीपणा आड आला. चुकलं माझं, बाळा.

७ जून, सकाळी ६:३०
उत्तराची सक्ती नाही. रात्रीचं मनावर घेऊ नकोस.

८ जून, संध्याकाळी ७:५०
पोचलास का? तुझा चष्मा इथेच ओट्यावर राहिलाय. जेवलासही नाहीस धड. ही मघापासून मलाच बोलतेय. आणि माळ्यावरची छडी मागून नेलीस ती कशाला रे?