मॅचचा खर्च: या रविवारपासून वाटणी अशी

मंडळी, राम राम. मेसेज मोठा आहे, पण पैशाचा आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा. नुसता अंगठा टाकून पुढं जाऊ नका. दिवाळी झाली, ग्राउंड वाळलं, 16 नोव्हेंबरच्या रविवारी आपली पहिली मॅच लागली. त्याआधी ग्राउंडभाडं, बॉल आणि अंपायरची फी कुणी किती द्यायची ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मॅच संपल्यावर गाडीला किक मारता मारता “माझं किती झालं रे?” ही चर्चा नको.

मागच्या सिझनपर्यंत आपण काय करत होतो? मॅच झाली की खर्चाची बेरीज आणि आलेल्या पोरांनी भागाकार. दिसायला सोपं. पण त्यात जो येतो तोच मार खातो. नाव देऊन जो सकाळी फोन बंद करून झोपतो त्याला शून्य, आणि पहाटे उठून कवठेमहांकाळहून येणाऱ्याला जास्त. हे उलटं आहे. म्हणून आता पैसे ‘आला कोण’ यावर नाही, ‘नाव दिलं कुणी’ यावर ठरणार. बाकी सगळे नियम यातूनच निघालेत.

आधी एका मॅचचा खर्च बघा. सकाळचा स्लॉट साडेसात ते साडेअकरा, वीस-वीस ओव्हर. ग्राउंडभाडं 3,000, त्यात मॅट, स्टंप आणि चुन्याच्या रेघा आल्या. मॅट अंथरून खिळे ठोकणाऱ्या मामांना वरचे 200. दोन अंपायर, प्रत्येकी 500. स्कोअरर कॉलेजचा पोरगा आहे, त्याला 300. हे झाले 4,500. ते दोन्ही टीमनी निम्मे-निम्मे, म्हणजे आपले 2,250. त्यात आपला एक नवा लेदर बॉल 550. एकूण 2,800.

आता 2,800 भागिले अकरा करून टाकलं की झालं, असं बापू म्हणाले. पण आपल्यात तिघं अजून शिकतायत. त्यांच्याकडून पूर्ण घेणं बरोबर नाही आणि फुकट खेळवणंही नाही. त्यांचा अर्धा वाटा. म्हणजे कमावणारे आठ आणि अर्धे तीन मिळून साडेनऊ वाटे. 2,800 भागिले साडेनऊ म्हणजे 294 रुपये आणि काही पैसे. सुट्ट्याची भानगड नको म्हणून कमावणाऱ्याला 300, कॉलेजवाल्याला 150. जमतात 2,850. वरचे 50 डब्यात. डबा कशाला ते खाली सांगतो.

बाराव्याकडून काही घ्यायचं नाही. पांढरे कपडे घालून येऊन सीमारेषेबाहेर तीन तास बसायचं आणि वर पैसेही द्यायचे, असं असेल तर बारावा कोण होईल? मात्र तो पहिल्या पाच ओव्हरच्या आत कुणाच्या जागी उतरला आणि शेवटपर्यंत राहिला, तर अर्धा वाटा देईल.

सगळ्यात जास्त वाद इथंच होणार, तर आधीच बोलतो. “माझी बॅटिंग आली नाही, एक ओव्हर पण मिळाली नाही, मग मी 300 का देऊ?” हे मी दरवर्षी ऐकतो. अरे मर्दा, वीस ओव्हर फिल्डिंग केलीस की नाही? भाडं ग्राउंडचं आहे, खेळलेल्या बॉलचं नाही. ओपनरनं सत्तर मारले म्हणून त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि अकराव्या नंबरवाल्याला सूट द्यायची असं केलं, तर उद्या कुणी आऊट झाल्यावर हिशोब मागेल, “मी दोनच बॉल खेळलो, त्याचे किती?” सगळ्यांना सारखं. बॅटिंग ऑर्डरबद्दल तक्रार असेल तर ती माझ्याशी करा, पैशात आणू नका. आणि ज्यांना सलग दोन मॅच बॅटिंग-बॉलिंग काहीच मिळालं नाही, त्यांना तिसऱ्या मॅचला पहिल्या पाचात पाठवायची जबाबदारी माझी.

बॉलचं जरा खुलासेवार सांगतो, कारण समोरच्या कॅप्टनशी यावरच अर्धा तास फोन चालला. त्यांना महागडा बॉल पाहिजे होता आणि त्याचे निम्मे पैसे आपल्याकडून. मी म्हणालो, ज्यानं त्यानं आपल्या बॉलनं बॉलिंग करायची. बॉल फोर-पीसच असावा, टू-पीस नको, बाकी कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याचा हे ज्याचं त्यानं बघावं. मॅटवर महागडा बॉल टाकून उपयोगही नाही. काथ्यावर चार ओव्हरमध्ये शाईन जाते, मग साडेपाचशेचा काय आणि नऊशेचा काय. सहाचा बॉक्स 3,300 ला घेतलाय, सुटा घेतला तर 600 पडतो. बॉक्सचे पैसे मी भरलेत, मॅचमागे एकेक बॉल वसूल होत जाईल. मॅच संपली की आपला बॉल आपल्या किटमध्ये, नेटला वापरायला. मागं दोन बॉल कुणाच्या तरी सॅकमधून घरी गेले ते अजून आले नाहीत. ज्याच्याकडे आहेत त्यानं गुपचूप किटमध्ये टाकावेत, नाव विचारणार नाही.

आता हरवलेला बॉल. आपल्या ग्राउंडच्या पश्चिमेला ऊस आहे, तो सध्या डोक्याच्या वर गेलाय. कारखान्याची तोड येईपर्यंत तिकडं गेलेला बॉल मिळणं नशिबाचं. पिंट्याची सूचना होती की सिक्स मारणाऱ्यानं बॉल भरून द्यायचा. नाही. गल्लीत ते ठीक आहे, खिडकीच्या काचेसाठी. इथं मी बॅट्समनला मारायला पाठवतो आणि मारला तर दंड घेतो, हे कसं चालेल? दोन्ही टीमचं असं ठरलंय: पहिल्या दहा ओव्हरच्या आत बॉल हरवला तर बॅटिंगवाल्या टीमनं बॉलवाल्याला 275 द्यायचे. दहाच्या पुढं हरवला तर काही नाही, ज्याचा त्याचा. आपल्याकडून गेलेले 275 डब्यातून, कुणाच्या खिशातून नाही. आणि एक लक्षात ठेवा: बॉल हरवला म्हणून नवा कोरा मिळत नाही. नियमानं अंपायर साधारण तेवढाच झिजलेला बॉल देतात. म्हणून किटमध्ये कायम दोन जुने बॉल पाहिजेत, एक जास्त जुना, एक कमी. ते सांभाळायचं काम आपल्या कीपरकडं.

अंपायरच्या फीवर दोघा-तिघांनी नाक मुरडलं. “आधी बॅटिंगची पोरंच उभी राहायची, फुकटात व्हायचं.” व्हायचं खरं, आणि एलबीडब्ल्यू कधी कुणी दिला का? स्टंपसमोर गुडघ्यावर बसलेला माणूस नॉट आऊट, कारण अंपायर त्याचाच मेव्हणा. गेल्या वर्षी त्यावरून मॅच अर्ध्यात थांबली होती, आठवा. हे दोघं मिरजेहून येतात, उन्हात चार तास उभे राहतात, वाईड-नोबॉल मोजतात आणि वर आपली बडबड ऐकतात. त्यात 500 काही जास्त नाहीत. शेवटचा बॉल पडला की त्यांचे आणि स्कोअररचे पैसे रोख पाकिटात. दोन्ही टीमचे 650-650 मॅचच्या आधीच एकत्र करून माझ्याकडं राहतील. निकाल काहीही लागो, एखादा निर्णय आपल्या विरोधात जावो, पाकिटाला हात लावायचा नाही. “त्यानं आम्हाला चुकीचा आऊट दिला, त्याचे शंभर कापा” असलं बोलणारा पुढच्या मॅचला बारावा.

समोरच्यांनी अजून एक काढलं होतं: हरणाऱ्यानं सगळा खर्च द्यायचा, मजा येईल. मी नाही म्हणालो. ती पैज होते, आणि मग शेवटच्या ओव्हरला अंपायरच्या बोटावर साडेचार हजार टांगलेले असतात. शिवाय आपल्या कॉलेजच्या पोरांनी घरी काय सांगायचं? आणि खरं सांगू, मागच्या सिझनचा आपला रेकॉर्ड बघता ही मजा आपल्यालाच महागात पडली असती.

नाव देण्याचं वेळापत्रक. गुरुवारी रात्री 9 पर्यंत ग्रुपवरच्या पोलमध्ये ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘बघतो’ म्हणजे नाही. 9 नंतर मी अकरा आणि बारावा टाकतो आणि ग्राउंडवाल्याला 1,000 ॲडव्हान्स पाठवतो, तो परत मिळत नाही. त्यानंतर गळालात तर तुमचा वाटा द्यावा लागेल, पूर्ण. बदली माणूस तुम्ही आणलात तर तो देईल, तुम्ही सुटलात. समजा अकरातले दोघे कटले आणि त्यातला एक कॉलेजवाला, तर आलेल्या नऊ जणांचे आठ वाटे होतात आणि एका वाट्याला 350 पडतात. ते वरचे पैसे न आलेल्यांनी द्यायचे, हाच सगळा मुद्दा.

कुपवाड एमआयडीसीत शिफ्टवर असलेल्यांची अडचण मला माहीत आहे. सुपरवायझरनं शुक्रवारी शिफ्ट बदलली तर अर्धाच वाटा, फक्त शनिवारी दुपारपर्यंत कळवा. आजारपण, घरात मयत, दवाखाना, यात पैशाचा विषयच नाही, डबा भरेल. लग्नाची पत्रिका मात्र आधीच घरी येते, ती शनिवारी रात्री सापडत नाही. अण्णा, तुम्हाला टोमणा नाही हा, तुम्ही मोठे आहात. पण तुमच्याकडं पाहुणे फार.

पाऊस. नोव्हेंबरात सहसा येत नाही, पण आला तर आपल्याकडची काळी माती दोन दिवस बूट सोडत नाही. टॉसच्या आधी मॅच रद्द झाली तर ॲडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होतो, बाकीचं भाडं लागत नाही. अंपायर आणि स्कोअररला निम्मी फी, मामांना पूर्ण. आपल्या वाट्याला 425 येतात. ते माणशी 50, कॉलेजवाले 25, उरलेले डब्यात. टॉस झाला की दोनच ओव्हर होवोत, पूर्ण खर्च.

डबा म्हणजे आपल्या स्कोअरबुकाबरोबर असतो तोच, चाव्या बापूंकडं, हिशोब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रुपवर. त्यातून हरवलेले बॉल, पेन किलर स्प्रे आणि टेप. नाश्ता नाही. मिसळ ज्यानं त्यानं. किटची वर्गणी वेगळी आहे, ती जानेवारीत बोलू. बाहेरगावच्या मॅचचं पेट्रोल त्या त्या गाडीत बसलेल्यांनी, गाडीवाला सोडून.

पैसे शनिवारी रात्री 8 पर्यंत माझ्या फोनपेवर, खाली ‘मॅच 16 नोव्हें’ लिहा, नाहीतर कुणाचे कुठले ते कळत नाही. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी विश्रामबागेत दुकानावर रोख द्यावेत. शनिवारी 8 ला ज्याचे आले नसतील त्याच्या जागी बारावा आत जाईल, मग तो कितीही मोठा बॉलर असो.

पोल आत्ताच टाकतोय. रविवारी पावणेसातला ग्राउंडवर, टॉस सव्वासातला. मॅट अंथरायला मामांना दोघं लागतात, या वेळी पिंट्या आणि मी.