वार्षिक सर्वसाधारण सभा: चिटणीसांचा 2024-25 च्या फुटबॉल हंगामाचा अहवाल

मा. अध्यक्षसाहेब, तालमीचे ज्येष्ठ मंडळी, खेळाडू आणि सभासद बंधूंनो, नमस्कार.

जमाखर्च खजिनदार मांडतीलच. माझ्याकडे मैदानाचा हिशेब आहे.

वरिष्ठ संघ यंदा 16 सामने खेळला. त्यांपैकी 6 जिंकले, 5 बरोबरीत सुटले, 5 हरलो. आपण 20 गोल केले, 17 गोल आपल्यावर झाले. हे आकडे गोलफलकाच्या नोंदींशी आणि आपल्या सामनावहीशी ताडून घेतले आहेत.

साखळीत 7 सामने झाले. 3 विजय, 2 बरोबरी, 2 पराभव. गोल 10, विरुद्ध 8. गुण 11. बाद पद्धतीच्या चार स्पर्धांमध्ये मिळून 9 सामने खेळलो: 3 जिंकले, 3 बरोबरीत, 3 हरलो. गोल 10, विरुद्ध 9.

इथे एक खुलासा करतो, कारण मला दोघातिघांनी विचारलं. बाद फेरीतले तीन सामने टायब्रेकरवर गेले. दोन आपण काढले, एक गमावला. मग हे बरोबरीत का धरले? फुटबॉलच्या नियमांप्रमाणे टायब्रेकर हा पुढच्या फेरीत कोण जाणार ते ठरवण्याचा मार्ग आहे. सामन्याचा निकाल बरोबरीचाच राहतो आणि टायब्रेकरमधले गोल सामन्याच्या गोलांत धरत नाहीत. म्हणून ते दोन सामने मी विजयांत घातलेले नाहीत. आपली वही खरी असली पाहिजे.

मंडळी, यंदाच्या हंगामाचं मर्म या पाच बरोबऱ्यांत आहे. हरलेल्या पाच सामन्यांवर चौकात पुष्कळ बोलून झालं. पण साखळीतले बरोबरीचे दोन्ही सामने आठवा. एक 1-1, दुसरा 2-2. दोन्हींत आघाडी आपली होती. ती टिकली असती तर 11 चे 15 गुण झाले असते. वर्षभरात आपल्यावर झालेल्या 17 गोलांपैकी 9 गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत झाले. पोरं खेळात कुठं कमी नाहीत. उत्तरार्धात पाय जड होतात आणि त्या वेळी उतरवायला तयारीचे राखीव खेळाडू आपल्याकडे नसतात. बचावफळीतले तेच चौघं जवळजवळ सगळे सामने पूर्ण वेळ खेळले. दोष त्यांचा नाही, सराव उशिरा सुरू करणाऱ्या आपल्या कार्यकारिणीचा आहे.

गोलरक्षकाचं कौतुक मात्र भरसभेत केलंच पाहिजे. तीन सामन्यांत त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. शेवटच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात 1-1 नंतर टायब्रेकर 5-4 असा निघाला, तो त्यानं अडवलेल्या फटक्यामुळं. त्या दिवशी शाहू स्टेडियमची गॅलरी त्याच्या नावानं दणाणत होती. अंतिम सामना 1-2 असा गेला. पण अंतिम फेरीपर्यंत आलो ते हक्कानं आलो.

16 वर्षांखालील संघाचे 6 सामने झाले: 2 विजय, 1 बरोबरी, 3 पराभव. गोल 9, विरुद्ध 10. दोन्ही संघ मिळून वर्षाची बेरीज 22 सामने, 8 विजय, 6 बरोबरी, 8 पराभव, गोल 29, विरुद्ध 27. लहान पोरांचे पराभव मी मनाला लावून घेत नाही. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. आपल्या पेठेतल्या पोरांनी तेवढी उंच नजर ठेवावी. त्यांना वेळेवर बूट आणि चेंडू देणं हे आपलं काम.

शिस्तीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. 14 पिवळी कार्डं, 2 लाल. दोन्ही लाल कार्डं पंचांशी हुज्जत घातल्यामुळं मिळाली, आणि त्यातलं एक आधीच्या एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात. दहा जणांवर खेळून आपण तो सामना 0-2 हरलो. समर्थकांनाही हात जोडून सांगतो, ईर्षा नव्वद टक्के आवाजात दाखवा, दगडात एक टक्काही नको. गॅलरीत आयाबहिणी आणि लहान मुलं असतात. मैदानात काही पडलं तर दंड तालमीला बसतो आणि खेळाडूंच्या खुराकाचे पैसे त्यात जातात.

कार्यकारिणीच्या वतीनं दोन ठराव मांडतो. पहिला, पुढच्या हंगामाचा सराव दिवाळीची वाट न बघता गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी पहाटे सुरू करावा. दुसरा, 16 वर्षांखालील संघातल्या चार खेळाडूंना वरिष्ठ संघाबरोबर सरावाला घ्यावं, आणि त्यांच्या खुराकाची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी.

मैदानावर पाणी, बर्फ, पट्ट्या घेऊन प्रत्येक सामन्याला हजर राहिलेल्या कार्यकर्त्यांचे आणि वर्गणी देणाऱ्या पेठेतल्या सर्व दुकानदारांचे मनापासून आभार.

हा अहवाल आणि दोन्ही ठराव सभेपुढे मंजुरीसाठी ठेवतो. सूचक-अनुमोदकांनी हात वर करावेत.