बाई, नववी ब हजर आहे

बाई, आज हजेरी घ्या ना, नववी ब आहे हजर,
मागच्या बाकावरची सुद्धा तुमच्याकडेच आहे नजर.
४६ पैकी ४६! असं कधीच घडलं नव्हतं,
(पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं एसटीपायी अडलं होतं.)

पाचवीत पहिल्याच तासाला नकाशा निघाला फाटका,
तुम्ही म्हणालात, "नदी जवळ आहे, कागदच हवा का?"
रांग करून नेलंत थेट प्रीतिसंगमाच्या काठावर,
एक नदी तुमच्या डाव्या, एक उजव्या हातावर.

"ही कृष्णा अन् ही कोयना, समोरासमोर येणार,
भेटून झालं, की दोघी मिळून पूर्वेकडे जाणार."
सांगता सांगता हात तुमचे हवेमध्येच जुळले,
सहामाहीला तोच प्रश्न, आमचेही हात वळले.

पेपर सोडून हात जोडलेली मुलं बघून सर चक्रावले,
"देव आता पावणार नाही," म्हणत बाकांमधून फिरले.

तुमच्या लाल पेनाची मात्र आम्हाला भारी धास्ती,
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमच्या उत्तरांहून जास्ती.
'आशीर्वाद'मधली शी दीर्घ, किती वेळा बजावलंत!
खिचडीच्या सुट्टीतसुद्धा दहा-दहादा लिहायला लावलंत.

सातवीत आमच्यातला एक महिनाभर आला नाही,
"कामाला लागला," म्हणाले सारे, पुढे कुणी बोललं नाही.
शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही वस्तीवर चालत गेलात,
त्याच्या आईशी चुलीपाशी कितीतरी वेळ बोलत बसलात.

काय बोललात, ठाऊक नाही. सोमवारी बाक भरला होता.
आज माईक ज्याच्या हातात आहे, तोच तेव्हा घरी बसला होता.

एक तक्रार आहे, बाई, रागावू नका, ऐका ना,
"दहावीलाही मीच आहे," तुम्ही म्हणाला होतात ना?
५८ चा नियम सरकारचा, तो काय ऐकणार आमचं?
एक वर्ष थांबला असता, तर काय बिघडलं असतं त्याचं!

'धन्यवाद' या शब्दापाशी तालमीत अडलो तीनदा,
रडारड झाली थोडी. बाई, धन्यवाद! झालं एकदा.

शाल-श्रीफळ शाळेचं, बाई, आमच्याकडून डबी छोटी,
प्रत्येकी पाच रुपये काढून घेतली, किंमत नाही मोठी.
आत आहेत लाल पेनं, घरी बसून वापरायची,
दहावीची वही दर रविवारी आणून देऊ, तपासायची.

आणि हो, या कवितेत एक चूक मुद्दाम ठेवली आहे,
कागद तुमच्या हाती देतो, समासही मोठा सोडला आहे.
पेनाचं टोपण काढा, बाई, शेवटच्या ओळीवर नजर ठेवा:
नववी ब च्या सगळ्यांना तुमचा आशिर्वाद हवा.