हँडओव्हर टीप: ऑनलाइन विक्रीचे आकडे, डेटातल्या खोडी आणि सुरू असलेल्या चाचण्या

दिनांक: २७ फेब्रुवारी २०२६, सोलापूर
कोणासाठी: ॲनालिटिक्सचं काम पुढे सांभाळणारे सहकारी, प्रत डिस्पॅच व मार्केटिंगला

सोमवारचा रिपोर्ट आपोआप तयार होतो, त्यामुळे पहिले काही दिवस अडणार नाही. अडेल ते आकड्यांचा अर्थ लावताना, म्हणून तेवढंच इथे सविस्तर लिहितो आहे.

व्याख्या

ऑर्डर म्हणजे पैसे जमा झालेली किंवा सीओडी म्हणून स्वीकारलेली ऑर्डर. `status = 'created'` असलेली ओळ ही ऑर्डर नाही, तो अर्धवट सोडलेला चेकआउट आहे. मार्केटिंगच्या डॅशबोर्डवर त्याही मोजल्या जातात, म्हणून त्यांचा आकडा आपल्यापेक्षा कायम जास्त दिसतो. बैठकीत वाद झाला तर आधी हे तपासा.

निव्वळ विक्री = बिलाची रक्कम − सवलत − जीएसटी − आरटीओ − ग्राहकाने परत केलेला माल. जीएसटी नेहमी `tax_amount` मधून घ्या, १.०५ किंवा १.१२ ने भागून काढू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,००० ते २,५०० रुपयांच्या चादरी-टॉवेलवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या एक्सेलमध्ये १.१२ हाताने लिहिलेला आहे. ती फाइल उघडलीत तर डबल बेड चादरीची विक्री खरी आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

आरटीओ आणि रिटर्न एक समजू नका. आरटीओ म्हणजे पार्सल ग्राहकाने घेतलंच नाही आणि कुरिअरवाल्याने परत आणलं. रिटर्न म्हणजे घेऊन, उघडून परत पाठवलं. पहिल्याचं कारण पत्ता, फोन न उचलणं किंवा मन बदलणं. दुसऱ्याचं बहुधा रंग किंवा माप. दोन्ही एकाच टक्क्यात मिसळले तर डिस्पॅचलाही उपयोग नाही आणि विणकामाच्या युनिटलाही नाही.

आरटीओचं प्रमाण काढताना माल निघाल्याची तारीख धरा, परत आल्याची नाही. एखाद्या आठवड्यात निघालेल्या पार्सलांपैकी किती परत आली, असा हिशोब. पार्सल पोचायला, तीनदा प्रयत्न व्हायला आणि परत यायला वेळ लागतो, म्हणून २१ दिवस पूर्ण होईपर्यंत तो आठवडा कच्चा समजायचा. रिपोर्टमध्ये कच्चे आठवडे करड्या रंगात आहेत. मागच्या आठवड्याचा आरटीओ ४ टक्के दिसला म्हणून कोणी खूश झालं, तर तो आकडा अजून पिकलेला नाही हे तिथल्या तिथे सांगा. या कामातला सगळ्यात जास्त फसवणारा आकडा हाच आहे आणि त्यावरच सीओडी चालू-बंद करण्याचे निर्णय होतात.

सरासरी ऑर्डर मूल्यातून २५ नगांपेक्षा मोठ्या ऑर्डरी वगळतो. दिवाळीत कंपन्या भेटीसाठी टॉवेल घेतात. तीन-चार अशा ऑर्डरी महिन्याची सरासरी उचलून धरतात.

डेटातल्या खोडी

वेळ: `created_at` यूटीसीमध्ये आहे आणि कॉलमला टाइमझोन नाही. रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या ऑर्डरी आदल्या दिवशी पडतात. तारीख अशीच काढा:

```sql
(created_at AT TIME ZONE 'UTC'
  AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

पहिला `'UTC'` गाळलात तर पोस्टग्रेस ती वेळ आधीच भारतीय समजतो आणि साडेपाच तास पुढे जाण्याऐवजी मागे जातो. एरर येत नाही, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

पिनकोड: ४१३ ने सुरू होतो म्हणजे सोलापूर जिल्हा, असं धरू नका. पंढरपूर ४१३३०४, बार्शी ४१३४०१, अक्कलकोट ४१३२१६ हे आपले. पण बारामती ४१३१०२, धाराशिव ४१३५०१ आणि लातूर ४१३५१२ सुद्धा ४१३ मध्येच येतात. `pin_district` तक्ता वापरा. शहराच्या नावावर गट करूच नका: Solapur, Sholapur, सोलापूर, शिवाय "जुळे सोलापूर" एवढंच लिहिलेले पत्तेही आहेत. धाराशिवच्या नोंदी जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी आहेत.

ग्राहक: सीओडीवाले बरेचजण लॉगिन करत नाहीत, म्हणून जुना ग्राहक फोनवरून ओळखतो. `+91`, सुरुवातीचा शून्य, मधली मोकळी जागा, सगळं असतं:

```sql
RIGHT(REGEXP_REPLACE(phone, '[^0-9]', '', 'g'), 10)
```

नग: दोन टॉवेलांचा सेट ऑर्डरीत एक ओळ, `qty = 1` असा येतो. खरे नग = `qty * pack_size`. जुन्या एसकेयूंना `pack_size` रिकामा आहे. तिथे १ धरला तर सेटचे नग निम्मे मोजले जातात. `sku_master` मधून भरून घ्या.

कुरिअरची फाइल: सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक जपत नाही, पुढचे शून्य करून टाकतो आणि मग एडब्ल्यूबी नंबर जुळत नाहीत. एखाद्या दिवशी "न जुळलेली पार्सलं" अचानक वाढली तर फाइल कोणी हाताळली ते आधी विचारा.

सुट्ट्या: जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत १३ ते १५ तारखेला पॅकिंग बंद असतं. डिस्पॅचला लागलेले दिवस `holidays` तक्ता वजा करून मोजतो. पुढच्या वर्षाच्या तारखा त्यात डिसेंबरमध्येच भराव्या लागतात, नाहीतर जानेवारीत डिस्पॅचवर विनाकारण ठपका येतो.

सुरू असलेल्या चाचण्या

मोफत डिलिव्हरीची मर्यादा, ९९९ विरुद्ध ६९९ रुपये. ९ फेब्रुवारीला सुरू, १५ मार्चला बंद करायची: पूर्ण पाच आठवडे, आणि १९ तारखेच्या पाडव्याच्या सेलआधी. मोजायचं ते डिलिव्हर झालेल्या ऑर्डरी भागिले भेट देणारे. नुसत्या ऑर्डरी नाहीत, कारण मर्यादा कमी केल्यावर सीओडी वाढतं आणि त्याबरोबर आरटीओही. सध्याचा दर १.८ टक्के. ०.३ टक्के बिंदूंचा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३१,४०० भेट देणारे लागतात (`16·p·(1−p)/d²`). शेवटची पार्सलं १७ मार्चपर्यंत निघतील, म्हणून निकाल ७ एप्रिलनंतर. त्याआधी मार्केटिंग आकडा मागेल. फक्त दोन्ही गटांची संख्या द्या, दर देऊ नका. मधेच चांगलं दिसलं म्हणून थांबवलेली चाचणी योगायोगालाही विजय ठरवते.

सीओडी ऑर्डरीला व्हॉट्सॲपवर खात्रीचा मेसेज. ही चाचणी आत्ता वाचू नका. वाटणी निम्मी-निम्मी असायला हवी, पण मेसेज नसलेल्या गटात ४,८१२ आणि मेसेजच्या गटात ४,३९१ ऑर्डरी दिसतात. एवढा फरक नशिबाने पडत नाही. कारण सापडलं आहे: मेसेजचा गट `msg_log` मधून मोजला जातो आणि मेसेज पोचला नाही तर तिथे नोंदच होत नाही. न पोचलेले नंबर म्हणजे बरेचदा चुकीचे नंबर, म्हणजेच आरटीओ होणारी पार्सलं. ती गळल्यामुळे मेसेजचा फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. दोन्ही गट `test_assign` मधून मोजा, संख्या जुळली की मगच आरटीओची तुलना करा. क्वेरी `tests/cod_confirm_v2.sql` मध्ये आहे, डिस्पॅचच्या सुपरवायझरांकडून पडताळणी बाकी.

टॉवेलच्या फोटोंची चाचणी १६ फेब्रुवारीला संपली, फरक नाही. जुने फोटो राहू द्या.

सर्व्हरचे पासवर्ड आयटीकडे बदलून दिले आहेत. माझ्या नावावरचे दोन शेड्यूल (`daily_rto`, `monday_mail`) ६ मार्चआधी तुमच्या खात्यावर घ्या. त्या दिवशी माझं खातं बंद होईल आणि ते थांबतील.