ताई, तुमच्या बातमीने आमच्या गल्लीचा नळ सुधारला

प्रिय ताई,

मनापासून अभिनंदन! परवा आमच्या गल्लीत नवी जलवाहिनी सुरू झाली. पहाटे साडेपाचला पाणी आलं, तेव्हा सासूबाईंनी सवयीने नळाला फडकं बांधलं होतं. हंडा भरला तरी फडकं पांढरंच. त्या ते हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

दोन वर्षं आम्ही अर्ज देत होतो. उत्तर एकच, "पाणी उकळून प्या." तुम्ही मात्र गटारात वाकून गंजलेली जोडणी बघितलीत, फोटो काढलेत. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि गटाराचं पाणी भोकांतून आत शिरतं, हे आम्हाला तुमच्या बातमीतून पहिल्यांदा नीट कळलं. घरोघरी फिरून आजारी पडलेल्यांची नोंद केलीत. माहिती अधिकारात तपासणीचे अहवालही मिळवलेत. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीलीटरमागे विष्ठेतून येणारा ई-कोलाय हा जंतू एकही चालत नाही, आणि आमच्या नळाचे नमुने लागोपाठ तीनदा नापास! तो कागद छापून आला आणि आठवड्याभरात खोदकाम सुरू झालं.

तुमच्यावर दबाव आला होता, हे कानावर आलं. तरी तुम्ही पाठपुरावा सोडला नाहीत, याचं फार मोल वाटतं. मागच्या चाळीची जोडणी अजून जुनीच आहे, तेवढी नजरेत असू द्या.

रविवारी चहाला नक्की या. पाणी आमच्याच नळाचं असेल.

तुमची,
कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली वहिनी