खर्चाच्या शीटमधल्या पिवळ्या ओळी

नमस्कार,

आजपासून किरकोळ खर्चाची शीट तुमच्याकडे. C रकान्यात खर्चाचं खातं, D मध्ये रक्कम. रक्कम त्याच खात्याच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त झाली की ओळ आपोआप पिवळी होते. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला आहे:

```
=$D2>2*AVERAGEIFS($D$2:$D$500,$C$2:$C$500,$C2)
```

तुलना खात्यापुरतीच असते. त्यामुळे 18,000 चं भाडं पांढरं राहील आणि 900 चा चहा पिवळा होईल.

पिवळी ओळ म्हणजे चूकच असं नव्हे. व्हाउचर काढून बघा. बहुतेक वेळा एखादं शून्य जास्त पडलेलं असतं. रक्कम खरी असेल तर शेऱ्यात कारण लिहा. रंग मात्र हाताने कधीही काढू नका.

रक्कम नुसत्या आकड्यांत टाका. ‘450/-’ लिहिलंत तर एक्सेल तो मजकूर समजतं आणि ओळ उगाच पिवळी होते.

खात्यात दोनच नोंदी असतील तर फॉर्म्युला काहीच दाखवत नाही, कितीही मोठी रक्कम असो. नवीन खाती डोळ्यांनीच तपासा. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख जात असेल, तर पैसे देण्याआधी मला विचारा. तो खर्च आयकरात नामंजूर होतो आणि ते ही शीट सांगत नाही.

– अकाउंटंट