कुत्र्या-मांजरांचे खाद्य आणि साहित्य: वयोगट, आकार, घटक आणि रोजचे प्रमाण

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात घरपोच मिळणाऱ्या मालाची ही यादी आहे. सर्व किमती करांसह आहेत. दिलेले प्रमाण निरोगी प्राण्यासाठी चोवीस तासांचे असून ते वाटीने न मोजता स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजावे, कारण एकाच वाटीत वेगवेगळ्या दाण्यांचे वजन बरेच कमीजास्त भरते आणि लहान प्राण्याच्या बाबतीत रोजचे 15 ग्रॅम जास्तीचे खाद्यही काही महिन्यांत अंगावर दिसू लागते.

मोठ्या जातींच्या पिल्लांचे कोरडे खाद्य, कोंबडी व तांदूळ
3 किलो रु. 1,450, 12 किलो रु. 4,900

पूर्ण वाढीनंतर ज्यांचे वजन 25 किलोच्या पुढे जाते, अशा लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांसारख्या जातींच्या दोन ते पंधरा महिन्यांच्या पिल्लांसाठी हे खाद्य आहे. ग्रेट डेनसारख्या अतिविशाल जातींना ते दीड ते दोन वर्षांपर्यंत द्यावे.

घटक: कोंबडीचे मांस व वाळवलेले मांसचूर्ण, तांदूळ, मका, कोंबडीची चरबी, बीटाचा चोथा, मासळीचे तेल, जवस, खनिजे व जीवनसत्त्वे. प्रथिने 28 टक्के, स्निग्धांश 13 टक्के, कॅल्शियम 1.2 टक्के, फॉस्फरस 0.9 टक्के, ओलावा 10 टक्के. 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 किलोकॅलरी.

रोजचे प्रमाण: तीन महिन्यांच्या 10 किलोच्या पिल्लाला सुमारे 340 ग्रॅम, चार वेळांत विभागून. सहा महिन्यांच्या 20 किलोच्या पिल्लाला सुमारे 380 ग्रॅम, तीन वेळांत. दहा महिन्यांच्या 28 किलोच्या पिल्लाला सुमारे 400 ग्रॅम, दोन वेळांत.

या खाद्याबरोबर कॅल्शियमचे सिरप किंवा भुकटी देऊ नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे. हाडे मजबूत व्हावीत म्हणून अनेक घरांत ते प्रेमाने दिले जाते. परंतु जादा कॅल्शियम आतड्यातून शोषले जाणे थांबवण्याची क्षमता लहान वयात पुरेशी नसते, त्यामुळे ते शरीरात साठून कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याच्या क्रियेत अडथळा येतो आणि सांधे बिघडतात. वजन झपाट्याने वाढल्यासही खुब्याच्या सांध्याचे दुखणे बळावते. म्हणून मोठ्या जातीचे पिल्लू गुबगुबीत ठेवू नये: बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात.

प्रौढ कुत्र्यांचे खाद्य, लहान जाती, मासळी व तांदूळ
1.5 किलो रु. 780

वय एक वर्षापासून नऊ वर्षांपर्यंत; पॉमेरेनियन, पग, शित्झू आणि 10 किलोपर्यंतच्या इतर कुत्र्यांसाठी. दाणा बारीक असून 100 ग्रॅममध्ये सुमारे 380 किलोकॅलरी आहेत. घटक: समुद्री मासळीचे चूर्ण, तांदूळ, ओट्स, वाटाणा, सूर्यफूल तेल, खनिजे व जीवनसत्त्वे. नसबंदी झालेल्या 3 किलोच्या कुत्र्याला 65, 5 किलोच्या कुत्र्याला 100 आणि 8 किलोच्या कुत्र्याला 140 ग्रॅम, दोन वेळांत द्यावे. कोंबडीची ऍलर्जी निदान झालेल्या कुत्र्यासाठी हे निवडताना पशुवैद्यांना घटकांची यादी दाखवावी.

प्रौढ कुत्र्यांचे शाकाहारी खाद्य, मध्यम आकार
3 किलो रु. 890

देशी कुत्रे आणि 12 ते 25 किलो वजनाच्या इतर जातींसाठी, वय एक ते सात वर्षे. घटक: सोयाबीन, तांदूळ, ज्वारी, मसूर, सूर्यफूल तेल, जवस, यीस्ट, मेथिओनिन, टॉरिन, खनिजे व जीवनसत्त्वे. प्रथिने 22 टक्के, स्निग्धांश 10 टक्के, 100 ग्रॅममध्ये सुमारे 360 किलोकॅलरी. रोज 15 किलोच्या कुत्र्याला 235, 18 किलोच्या कुत्र्याला 270 आणि 25 किलोच्या कुत्र्याला 350 ग्रॅम द्यावे.

घरात मांस शिजत नसल्यास कुत्रा संतुलित शाकाहारी आहारावर नीट राहू शकतो, मात्र दूध-चपाती किंवा ताक-भात हा संतुलित आहार नव्हे. त्यातून प्रथिने आणि खनिजे दोन्ही अपुरी पडतात. भाकरीचा तुकडा खाऊ म्हणून द्यायला हरकत नाही. सर्व खाऊ मिळून दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि तेवढे खाद्य कमी करावे. हे खाद्य पिल्लांना, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला आणि कोणत्याही मांजराला देऊ नये.

कारवानसारख्या शिकारी जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या बरगड्या निरोगी असतानाही दिसतात. तो हडकुळा आहे असे समजून त्याचे प्रमाण वाढवू नये.

ज्येष्ठ कुत्र्यांचे खाद्य, मोठ्या जाती
3 किलो रु. 1,350

सात वर्षांपुढील, 25 किलोंहून अधिक वजनाच्या कुत्र्यांसाठी. घटक: कोंबडी, तांदूळ, बार्ली, बीटाचा चोथा, मासळीचे तेल, खनिजे व जीवनसत्त्वे. 100 ग्रॅममध्ये सुमारे 330 किलोकॅलरी. 30 किलोच्या कमी हालचालीच्या कुत्र्याला 380 ग्रॅम, दोन वेळांत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे खाद्य उपयोगाचे नाही. त्यासाठी पशुवैद्यांनी लिहून दिलेलेच खाद्य घ्यावे.

मांजरांचे खाद्य, मासळी व कोंबडी
पिल्लांसाठी 1.2 किलो रु. 590, प्रौढांसाठी 1.2 किलो रु. 520

पिल्लांचे खाद्य दोन ते बारा महिन्यांसाठी आहे: 1 किलोच्या पिल्लाला 45 आणि 2 किलोच्या पिल्लाला 75 ग्रॅम, चार वेळांत. प्रौढांचे खाद्य एक वर्षापुढे: नसबंदी झालेल्या 3 किलोच्या मांजराला 50, 4 किलोच्या मांजराला 60 ग्रॅम. दोन्हींचे मुख्य घटक मासळी, कोंबडी, तांदूळ, कोंबडीची चरबी आणि टॉरिन हे आहेत. मांजराचे शरीर टॉरिन पुरेसे तयार करत नाही आणि ते कमी पडल्यास दृष्टी व हृदय या दोहोंवर परिणाम होतो. म्हणून मांजराला कुत्र्याचे खाद्य कायम देणे धोक्याचे आहे. कोरडे खाद्य खाणाऱ्या मांजराला, विशेषतः बोक्याला, पाणी भरपूर मिळायला हवे. पाण्याचे भांडे खाद्यापासून दूर ठेवावे.

सर्व खाद्यांसाठी

नवे खाद्य सात ते दहा दिवसांत चढत्या प्रमाणात जुन्यात मिसळत सुरू करावे. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि झायलिटॉल असलेले पदार्थ कधीही देऊ नयेत. शिजवलेली हाडेही नकोत, कारण त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. पावसाळ्यात पिशवीतील खाद्य सुटे न ओतता पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, म्हणजे बॅच क्रमांक आणि अंतिम तारीखही जवळ राहते. उघडलेली पिशवी सहा आठवड्यांत संपवावी.

साहित्य

छातीपट्टा (हार्नेस), रु. 450 ते 950. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजून माप कळवावे: लहान 35 ते 45, मध्यम 50 ते 65, मोठा 70 ते 90 सेंमी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी हाच वापरावा, कारण गळ्यावरचा ताण त्यांच्या श्वासाला बाधतो.

गळपट्टा, नायलॉन, रु. 180 ते 320. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सरकली पाहिजेत; वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा. गळा आवळणारी साखळी आम्ही ठेवत नाही.

सावकाश खाण्याचे खाचांचे भांडे, रु. 380. घाईने गिळणाऱ्या, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांसाठी. अशा कुत्र्यांना जेवणानंतर लगेच पळवू नये. पोट फुगून रिकामी उबळ येत राहिल्यास तो जिवावरचा प्रसंग समजून तत्काळ दवाखाना गाठावा.

गोचिडांची बारीक फणी, रु. 120. कानांच्या घड्या, बोटांमधील जागा आणि शेपटीखाली रोज पाहावे.

मांजराची गोळा होणारी माती, 5 किलो रु. 360. खोली 6 ते 8 सेंमी ठेवावी आणि गोळे रोज काढावेत. तीन महिन्यांखालील पिल्लांसाठी ती वापरू नये, कारण ती माती चाटून खातात. त्यांच्यासाठी कागदी लगद्याचे दाणे, 3 किलो रु. 290, उपलब्ध आहेत.

न उघडलेली पिशवी आणि न वापरलेला छातीपट्टा सात दिवसांत बदलून मिळेल. मागणी नोंदवताना प्राण्याचे वय, सध्याचे वजन आणि नसबंदी झाली आहे का, हे लिहावे. त्यानुसार रोजचे ग्रॅम कागदावर लिहून पिशवीसोबत पाठवले जातील.